मुळाच्या टोकाशी अर्धा मिलिमीटर

रूट कॅनाल उपचारात दाताच्या आतली नलिका कुठपर्यंत साफ करायची आणि कुठे थांबायचे, हे ज्या मापावरून ठरते त्याला ‘वर्किंग लेंग्थ’ म्हणतात. दाताच्या वरच्या भागावर नक्की केलेल्या एका खुणेपासून मुळाच्या टोकाजवळच्या थांब्यापर्यंतचे हे अंतर. खालच्या पहिल्या दाढेत ते साधारण २० मिलिमीटरच्या आसपास भरते, वरच्या सुळ्यात २५ च्याही पुढे जाते. यात चूक खपते ती जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. अडचण अशी की जिथे थांबायचे ती जागा जबड्याच्या हाडात दडलेली असते. डॉक्टरांना ती थेट दिसत नाही आणि बोटांना तिचा भरवशाचा अंदाजही येत नाही. म्हणून ती शोधण्यासाठी दोन साधने वापरली जातात. एक म्हणजे एक्स-रे, ज्याचे संगणकावर लगेच उमटणारे रूप आपल्याकडे ‘आरव्हीजी’ म्हणून ओळखले जाते. दुसरे म्हणजे विजेच्या सूक्ष्म प्रवाहावर चालणारे ‘एपेक्स लोकेटर’ हे छोटे यंत्र.

दोन्हींची गोष्ट कळायची तर मुळाचे टोक आतून कसे असते ते आधी पाहायला हवे. नलिका वरून खाली निमुळती होत जाते आणि टोकाच्या थोडे अलीकडे सर्वांत अरुंद होते. त्या अरुंद जागेनंतर ती पुन्हा थोडी फाकते आणि एका छिद्रातून मुळाबाहेर उघडते. दातातली नस, म्हणजे रक्तवाहिन्या आणि चेतातंतूंचा गाभा, याच छिद्रातून आत आलेली असते. अरुंद जागेच्या अलीकडे दाताचा गाभा संपतो आणि पलीकडे हाड व दात यांना जोडणाऱ्या तंतूंचा प्रदेश सुरू होतो. म्हणून साफसफाई त्या अरुंद जागेपाशी थांबावी असा संकेत आहे. मेक्सिकोचे युरी कुटलर यांनी १९५५ मध्ये काढलेल्या दातांची सूक्ष्म मोजमापे प्रसिद्ध केली. अरुंद जागा ते बाहेरचे छिद्र हे अंतर त्यांना तरुणांच्या दातांत सरासरी ०.५२ मिलिमीटर, तर उतारवयातल्या दातांत ०.६६ मिलिमीटर मिळाले. वयाबरोबर मुळाच्या टोकावर नवा थर साठत जातो, त्यामुळे हे अंतर वाढते. दुसरी बाब त्याहून महत्त्वाची: बहुतेक दातांत हे छिद्र मुळाच्या नेमक्या टोकावर नसतेच. ते थोडे बाजूला उघडते, कधी गालाकडे, कधी जिभेकडे, कधी मागच्या दाताकडे. एक्स-रे आणि लोकेटर यांच्यात पुढे जो वाद दिसतो, त्याचे मूळ बहुतांशी इथे आहे.

आधीच थांबले तर टोकाकडचा मृत गाभा आणि जंतू आतच राहतात. पुढे गेले तर जंतू आणि कचरा हाडात ढकलला जातो, अरुंद जागा फाटून मोठी होते आणि तिथे भरणीचा बूच नीट बसत नाही. दुसऱ्या दिवशी चावताना दात ठणकतो, तो बऱ्याचदा याच कारणाने. त्याहून गंभीर प्रकारही घडतात. नलिका धुण्यासाठी वापरले जाणारे सोडियम हायपोक्लोराइट टोकाबाहेर गेले तर काही मिनिटांत तीव्र वेदना आणि गालावर सूज येते. खालच्या मागच्या दाढांखालून जबड्याची मोठी नस जाते. तिच्यावर भरणीचा दाब आला तर ओठ बधिर होऊ शकतो. लांबी चुकल्याचा परिणाम किती होतो याचा एक जुना, पण अजून उद्धृत होणारा अभ्यास स्वीडनमधला आहे. शोग्रेन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये आठ ते दहा वर्षांनंतरची स्थिती तपासली. गाभा मेलेल्या आणि टोकाशी हाड झिजलेल्या मुळांमध्ये, भरणी टोकापासून दोन मिलिमीटरच्या आत थांबली होती तिथे ९४ टक्के मुळे बरी झाली. भरणी बाहेर गेली होती तिथे हे प्रमाण ७६ टक्के होते आणि दोन मिलिमीटरपेक्षा आखूड राहिली तिथे ६८ टक्के.

एक्स-रेने लांबी मोजण्याची कल्पना एक्स-रेइतकीच जुनी म्हणावी लागेल. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स यांनी १८९९ मध्ये नलिकेत शिशाची तार घालून तिचा एक्स-रे काढला आणि ती कुठवर पोचली ते पाहिले. (किरणांपुढे सतत हात धरल्याने पुढे त्यांची बोटे आणि मग हातही कापावा लागला.) आजची पद्धत त्याच धर्तीची आहे. उपचाराआधीच्या एक्स-रेवर दात मोजायचा आणि आलेल्या मापातून सुरक्षिततेसाठी एक मिलिमीटर वजा करायचा. तेवढ्या अंतरावर रबरी स्टॉपर लावलेली बारीक फाईल नलिकेत घालायची आणि दुसरा एक्स-रे काढायचा. फाईलचे टोक मुळाच्या टोकापासून जितके दूर दिसेल तितके माप वाढवायचे किंवा कमी करायचे आणि शेवटी पुन्हा अर्धा ते एक मिलिमीटर मागे यायचे. टोकाशी हाड झिजलेले दिसले तर दीड मिलिमीटर आणि मूळही झिजलेले असेल तर दोन मिलिमीटर मागे थांबावे, असा जाणकारांचा प्रघात आहे, कारण तिथली अरुंद जागा बहुधा झिजून गेलेली असते.

या पद्धतीत तीन ठिकाणी घसरायला होते. पहिले म्हणजे कोन. सेन्सर दाताला समांतर नसेल किंवा ट्यूब फार तिरकी लागली तर दात प्रत्यक्षापेक्षा लांब किंवा आखूड उमटतो. आरव्हीजीच्या पडद्यावर दशांशापर्यंत आकडा दिसतो म्हणून तो खरा मानायचा मोह होतो, पण मूळ चित्रच ताणलेले असेल तर दशांशाला अर्थ उरत नाही. दुसरे म्हणजे फाईलची जाडी. ८ किंवा १० नंबरच्या फाईलचे टोक चित्रात विरून जाते. त्यामुळे लांबी पाहण्यासाठी निदान १५ नंबरची फाईल घ्यावी. तिचे टोक ०.१५ मिलिमीटर जाड असते. तिसरी मर्यादा कोणत्याही कौशल्याने सुटणारी नाही: एक्स-रे ही सपाट सावली आहे. गालाकडे किंवा जिभेकडे उघडणारे छिद्र त्यात दिसणे शक्य नाही. त्यामुळे फाईलचे टोक चित्रात मुळाच्या टोकाशी अगदी जुळलेले दिसत असेल, तर ती फाईल बहुतेक वेळा छिद्रातून आधीच बाहेर पडलेली असते. नवख्याला ‘तंतोतंत बसली’ असे वाटते तेच चित्र अनुभवी माणसाला खटकते. वरच्या दाढांच्या बाबतीत गालाच्या हाडाची सावली मुळांवर पडते आणि टोक कुठे आहे हेच कळेनासे होते, ती वेगळी डोकेदुखी.

लोकेटरची वाट जपानमधून आली. सुझुकी यांनी १९४२ मध्ये कुत्र्यांवर प्रयोग करताना पाहिले की, नलिकेतून मुळाच्या टोकाशी पोचलेले धातूचे साधन आणि तोंडाची आतली त्वचा यांच्यातला विद्युतरोध जवळपास कायम राहतो. १९६२ मध्ये सुनादा यांनी हे तत्त्व माणसांच्या दातांसाठी वापरले. वय कोणतेही असो, दात कोणताही असो, हा रोध सुमारे ६,५०० ओहम भरतो असे त्यांना आढळले. सुरुवातीची यंत्रे याच आकड्यावर चालत. नलिकेत रक्त, पू किंवा औषधी द्रव असला की ती फसत, आणि ओली नलिका हीच तर नेहमीची स्थिती. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कोबायाशी आणि सुदा यांनी यावर तोडगा काढला. त्यांच्या संशोधनातून आलेले रूट झेडएक्स हे यंत्र एकाच वेळी दोन कंपनसंख्यांचा प्रवाह सोडते, ८ किलोहर्ट्झ आणि ०.४ किलोहर्ट्झ, आणि दोन्हींना होणाऱ्या अडथळ्याचे गुणोत्तर काढते. फाईल वर असते तेव्हा हे गुणोत्तर एकच्या जवळ असते. अरुंद जागेपाशी ते झपाट्याने उतरून साधारण ०.६७ वर येते. द्रव कोणताही असला तरी त्याचा परिणाम दोन्ही मोजमापांवर जवळपास सारखा होतो, म्हणून भागाकारात तो बराचसा निघून जातो. नंतरची बहुतेक यंत्रे एकापेक्षा जास्त कंपनसंख्या वापरण्याच्या याच वाटेने गेली.

दवाखान्यात हे काम दोन-तीन मिनिटांचे असते. एक हूक ओठाच्या कोपऱ्यात अडकवतात, दुसरी क्लिप फाईलला लावतात आणि फाईल हळूहळू आत सरकवतात. पडद्यावरच्या रेघा खाली उतरतात, बीप जलद होतो आणि फाईल छिद्रापाशी पोचली की ०.० किंवा APEX असे दिसते. मग फाईल अर्धा मिलिमीटर मागे घेऊन स्टॉपर खुणेवर टेकवतात आणि पट्टीवर मोजतात. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. पडद्यावर ०.५ किंवा १ हे आकडे दिसतात, पण ते मिलिमीटर नव्हेत. ते यंत्राच्या आतल्या गुणोत्तराच्या पायऱ्या आहेत. यंत्र खात्रीने ओळखते ती फाईल तंतूंच्या प्रदेशाला टेकण्याची जागा. त्यामुळे पडद्यावर ०.५ दिसले म्हणून तिथेच थांबण्यापेक्षा ०.० पर्यंत जाऊन पट्टीने अर्धा मिलिमीटर मागे येणे जास्त भरवशाचे. नलिका योग्य स्थितीत असेल तर हे माप दहापैकी आठ-नऊ वेळा अर्ध्या मिलिमीटरच्या आत बरोबर येते. छिद्र बाजूला असले तरी लोकेटरला फरक पडत नाही, कारण तो मुळाचे टोक शोधतच नाही.

प्रत्यक्षात काय घडते ते एका नमुन्यावरून पाहू. उजवीकडची खालची पहिली दाढ आहे. मागच्या बाजूला जुनी चांदीची भरणी आहे आणि तिच्या कडेने कीड लागून नस मेली आहे. पुढच्या मुळात दोन नलिका आहेत, मागच्या मुळात एक रुंद नलिका. आधीच्या आरव्हीजीवर गालाकडच्या पुढच्या उंचवट्यापासून मुळाची लांबी २१ मिलिमीटर भरते. एक वजा करून २० हा अंदाज घेतला. पुढची गालाकडची नलिका सरळ वागली: १० नंबरच्या फाईलने २० वर ०.० दाखवले, म्हणून माप १९.५ लिहिले. जिभेकडची १९ आली. मागच्या नलिकेत मात्र फाईल जेमतेम १३ मिलिमीटर आत गेली आणि यंत्र एकदम APEX म्हणून ओरडू लागले.

अशा वेळी दोन शक्यता असतात. एकतर फाईल कुठेतरी धातूला टेकली आहे, नाहीतर मुळाच्या भिंतीला भोक पडून फाईल बाहेर निघाली आहे. भोक असेल तर रीडिंग दर वेळी त्याच खोलीवर येते, नलिकेतून ताजे रक्त येते आणि एक्स-रेत फाईल मुळाबाहेर दिसते. इथे रक्त नव्हते आणि फाईल चांदीच्या भरणीपासून किंचित दूर धरली की बीप थांबत होता. भरणीच्या धातूतून प्रवाह थेट हिरडीकडे आणि लाळेकडे पळत होता. चांदी काढून टाकली, दाताची वरची पोकळी कापसाने कोरडी केली आणि नलिका आतून ओलसर ठेवली. हा ओला-कोरडा तोल सांभाळावा लागतो. पोकळीत द्रव तुडुंब असेल तर प्रवाह वरच्या वर पसरतो आणि नलिका ठणठणीत कोरडी असेल तर रेघाच हलत नाहीत.

आता मागच्या नलिकेत रीडिंग मिळाले, पण आकडा सारखा नाचत होता. कारण साधे होते: रुंद नलिकेत १० नंबरची फाईल सैल लोंबत होती. २५ नंबरची, भिंतींना हलके टेकणारी फाईल घेतल्यावर रेघा स्थिरावल्या आणि १९.५ वर ०.० आले. माप १९ झाले. सगळ्या नलिकांत फाईली ठेवून एक्स-रे काढला. पुढच्या मुळातल्या दोन फाईली एकमेकींवर आल्याने वेगळ्या दिसेनात, म्हणून ट्यूब वीसेक अंश बाजूला सरकवून दुसरा काढला. ट्यूब ज्या दिशेला सरकवली त्याच दिशेला सरकलेली दिसली ती जिभेकडची फाईल, उलट दिशेला गेली ती गालाकडची. दोन्ही टोकापासून एक मिलिमीटरच्या आत होत्या. मागची फाईल मात्र चित्रात जवळपास दोन मिलिमीटर आखूड दिसत होती.

इथेच बरेच जण फाईल आत ढकलतात, कारण डोळ्यांना दिसते ते खरे वाटते. या दाढेच्या मागच्या मुळाचे छिद्र टोकाच्या अलीकडे, मागच्या बाजूला उघडते हे वारंवार आढळणारे आहे. लोकेटरचे रीडिंग स्थिर होते आणि दुसऱ्या नंबरच्या फाईलने पुन्हा मोजल्यावरही तेच आले. तिसरी खात्री पेपर पॉइंटने करता येते. नलिका सुकवून मापाइतका कागदी पॉइंट आत घातला आणि त्याचे टोक कोरडे आले, पण एक मिलिमीटर पुढे नेल्यावर टोकावर ओल किंवा रक्ताचा ठिपका आला, तर बाहेरचा प्रदेश तिथे सुरू होतो असे समजावे. इथे तसेच झाले, म्हणून १९ कायम ठेवले. याउलट चित्रात फाईल मुळाबाहेर गेलेली दिसली असती तर लोकेटर काहीही म्हणो, मागे येणेच बरोबर ठरले असते. एक्स-रे फाईल आत असल्याची हमी देऊ शकत नाही, पण बाहेर गेलेली दाखवली तर ती बाहेरच असते.

एवढ्यावर माप संपत नाही. पुढच्या मुळातल्या नलिका वाकड्या असतात. फिरत्या फाईलने त्यांचा वरचा भाग रुंद केला की वळणातून जाणारी वाट सरळ होते आणि अंतर कमी भरते. गालाकडची नलिका पुन्हा मोजली तेव्हा १९.५ चे १९ झाले. जुनाच आकडा धरून काम केले असते तर प्रत्येक फाईल अर्धा मिलिमीटर पुढे जात राहिली असती. म्हणून आधी वरचा भाग रुंद करावा आणि पक्के माप नंतर घ्यावे, हा क्रम श्रेयस्कर. काही वेळा उलटही घडते: माप १९ असताना फाईल १७.५ वरच अडते. नलिकेत दाताचा भुसा दाबला गेला असतो किंवा भिंतीला पायरी पडलेली असते. तिथे जोर लावण्यापेक्षा लहान, टोकाशी किंचित वाकवलेल्या फाईलने आणि भरपूर धुण्याने वाट मोकळी करावी लागते.

यंत्रांइतकाच दगा देणारी गोष्ट म्हणजे वरची खूण. समजा उपचार दोन बैठकांत होणार आहे, माप गालाकडच्या उंचवट्यापासून घेतले आहे आणि मधल्या आठवड्यात शेंगदाण्याची चिक्की खाताना तो पोखरलेला उंचवटा दोन मिलिमीटर तुटला. कागदावर १९ लिहिलेले आहेच. डॉक्टरांनी तुटलेल्या काठावर स्टॉपर टेकवून १९ मोजले, तर फाईल पूर्वीपेक्षा दोन मिलिमीटर खोल, म्हणजे थेट हाडात जाईल. कमकुवत उंचवटे पहिल्याच दिवशी घासून सपाट करणे आणि प्रत्येक नलिकेपुढे ‘कोणत्या उंचवट्यापासून’ हे लिहून ठेवणे, हा त्यावरचा सोपा उपाय. स्टॉपर तिरका बसला किंवा सैल होऊन सरकला तरी अर्ध्या-एक मिलिमीटरचा फरक सहज पडतो.

लोकेटर जिथे मुळातच कमी पडतो अशाही जागा आहेत. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा पुढचा दात पडून-झडून तुटलेला असतो, तेव्हा त्याच्या मुळाचे टोक अजून बंद झालेले नसते. तिथे अरुंद जागाच नसल्याने यंत्र आखूड माप सांगते आणि एक्स-रे व पेपर पॉइंटवर विसंबावे लागते. आधी केलेले रूट कॅनाल पुन्हा करताना जुना गटापर्चा पूर्ण निघाल्याशिवाय रीडिंग येत नाही. पेसमेकर असलेल्या रुग्णांत हे यंत्र वापरू नये असे पूर्वी सरसकट सांगत. अलीकडच्या चाचण्यांत आधुनिक यंत्रांचा पेसमेकरवर चिंताजनक परिणाम दिसलेला नाही. तरीही उत्पादकांच्या सूचना पाहून आणि हृदयरोगतज्ज्ञांना विचारून मगच पुढे जाणे बरे. गरोदर स्त्रियांमध्ये, किंवा ज्यांना सेन्सर तोंडात ठेवताच उमासे येतात त्यांच्यात लोकेटरमुळे एक्स-रेंची संख्या कमी करता येते, हा त्याचा मोठा फायदा.

त्यामुळे जाणकार डॉक्टर आधी लोकेटरने मोजतात, मग एका चांगल्या कोनातल्या एक्स-रेने पडताळतात. भरणीपूर्वी नलिकेत गटापर्चाची मुख्य कांडी बसवून आणखी एक एक्स-रे घेतात. तोवर मापातली चूक उरली असेल तर ती इथे शेवटची पकडता येते, भरणी घट्ट झाल्यावर नाही. रुग्णाने उपचार संपताना भरणीनंतरचा आरव्हीजी मागून घ्यावा आणि जपून ठेवावा. मुळाच्या टोकाशी हाड झिजलेले असेल तर ते भरून यायला महिने लागतात, म्हणून साधारण वर्षभराने तोच दात पुन्हा तपासून घ्यावा आणि नवा आरव्हीजी जुन्याशेजारी ठेवून पाहायला डॉक्टरांना सांगावे.